लेबल नसलेला स्नीकर ओळखायचा कसा: कॅनव्हासच्या बुटावरून एक सराव

जुन्या बुटाचं मॉडेल ओळखायला बसलं की बहुतेक जण त्याला थेट उलटा करतात आणि सोलची नक्षी बघतात. नक्षी महत्त्वाची आहे, पण तिथून सुरुवात केली की गडबड होते. कारण एकाच साच्यातला सोल कंपनी चार-पाच वेगवेगळ्या मॉडेलांखाली लावते. व्हॅन्सचा जाळीदार सोल हे त्याचं ठळक उदाहरण: ऑथेंटिक, एरा, ओल्ड स्कूल आणि स्केट हाय या चारही बुटांखाली तीच जाळी असते. सोल पाहून तुम्हाला ‘हा व्हॅन्स’ एवढं कळेल, ‘कोणता व्हॅन्स’ हे कळणार नाही.

माझा क्रम असा असतो: आधी बुटाची एकूण ठेवण, मग सोल वरच्या भागाला कसा जोडलाय ते, मग सोलची नक्षी, त्यानंतर वरचे तुकडे आणि सगळ्यात शेवटी शिलाई. ठेवणीवरून घराणं कळतं, नक्षीवरून ब्रँड, तुकड्यांवरून मॉडेल आणि शिलाईवरून त्या मॉडेलची आवृत्ती. हा क्रम नीट कळावा म्हणून इथे एकच घराणं घेतो, रबराच्या पट्टीचे कॅनव्हास बूट. कॉन्व्हर्स आणि व्हॅन्स हे त्यातले मुख्य. या बुटांची नक्कल खूप होते, आणि त्यांच्यातले फरक इतके बारीक असतात की इथे डोळा तयार झाला की इतर बूट सोपे वाटतात.

आधी फोटो नीट काढा

मोबाइल बुटाच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढला की पुढचं टोक फुगतं आणि टाच लहान दिसते. मग ठेवणीवरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकतो. बूट टेबलावर ठेवा, मोबाइल सोलच्या उंचीवर आणा, दोन पावलं मागे सरका आणि मग झूम करा. बाहेरची बाजू, आतली बाजू, टाच मागून, टोक वरून आणि सोल असे पाच फोटो पुरतात.

सोलच्या फोटोसाठी वरून फ्लॅश मारू नका. त्याने उठाव सपाट होतो. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च सोलच्या कडेला, जवळजवळ आडवी धरा. झिजलेल्या नक्षीच्या उरलेल्या कडा सावल्यांमुळे वर येतात. बुटाचे ठसे तपासणारे तज्ज्ञही हीच तिरप्या उजेडाची पद्धत वापरतात. टॉर्च एकदा डावीकडून आणि एकदा टाचेकडून धरून दोन फोटो घ्या, कारण उजेडाला समांतर असलेल्या रेषा एका फोटोत नाहीशा होतात.

ठेवण: लोगो झाकून बघा

बाहेरच्या बाजूचा फोटो डोळे किंचित मिटून, तपशील पुसट करून बघा. मी तर कधीकधी तो काळा करून फक्त सावलीसारखा आकार ठेवतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या: घोटा झाकला जातो का, टोक किती उंच आणि किती गोल आहे, आणि सोलची कड सगळीकडे सारख्या जाडीची आहे की टाचेकडे जाड होत जाते.

कॉन्व्हर्सच्या चक टेलर ऑल स्टारच्या टोकाला रबराची अर्धगोल टोपी असते. सावलीतसुद्धा तिथे कापड संपून रबर सुरू होतं तो छोटा खळगा दिसतो. व्हॅन्स ऑथेंटिकला अशी टोपी नाही. कापड टोकापर्यंत सलग येतं आणि खाली रबराच्या पट्टीला मिळतं, म्हणून त्याचं टोक जास्त बसकं आणि रुंद वाटतं. ओल्ड स्कूललाही रबराची टोपी नाही, पण पुढे स्वेडचा, म्हणजे मखमली पोताच्या कातड्याचा, वेगळा तुकडा आहे. फक्त टोकावरून एवढं कळलं तरी यादी निम्मी होते.

ठेवण इथे थांबते. रबरी टोपीचा, घोट्यापर्यंतचा कॅनव्हास बूट कितीतरी कंपन्यांनी बनवला आहे. त्यामुळे ‘दिसतो तसाच’ म्हणून नाव ठरवू नका.

सोल जोडलाय कसा

आता सोलची बाजू बोटाने चाचपा. या कॅनव्हास बुटांत वरचं कापड साच्यावर ताणून बसवतात, खाली रबराचा सोल आणि भोवती रबराची पट्टी गुंडाळतात, आणि मग सगळा बूट भट्टीत तापवून रबर पक्कं करतात. याला व्हल्कनाइज्ड बांधणी म्हणतात. याची खूण अशी की पट्टी पातळ असते, सगळीकडे जवळजवळ सारख्या उंचीची असते आणि तिच्यावर टाके नसतात. गुंडाळलेल्या पट्टीची दोन टोकं कुठेतरी एकमेकांवर यावीच लागतात. तो सांधा बहुधा टाचेच्या मागे असतो आणि त्यावर ब्रँडचं छोटं रबरी लेबल चिकटवून तो झाकतात. लेबल निघून गेलं असेल तर तिथे उभी रेघ सापडते.

दुसरी बांधणी म्हणजे वाटीसारखा साच्यातला सोल, ज्यात वरचा भाग बसवून कडेने शिवतात. नायकेचा एअर फोर्स वन, आदिदासचा सुपरस्टार हे त्या प्रकारचे. सोलच्या बाजूला खोबणीत टाक्यांची ओळ दिसली तर तुम्ही वेगळ्या घराण्यात आहात; कॉन्व्हर्सचा ऑल स्टार किंवा व्हॅन्स ऑथेंटिक नाही. स्वस्त नकलांत मात्र साच्यातल्या सोलवर टाक्यांसारखे उंचवटे छापलेले असतात. नखाने टोकरून बघा. खरा धागा नखाला अडतो आणि दोन टाक्यांच्या मधे सुईचं भोक असतं.

सोलची नक्षी

आता बूट उलटा करा. कॉन्व्हर्सच्या सोलवर हिऱ्याच्या आकाराच्या छोट्या उठावांची नक्षी असते आणि ब्रँडचं नावही असतं. नव्या जोडीत सोलवर बारीक लोकरीसारखा थर दिसला तर गोंधळू नका. पायताण कोणत्या वर्गात मोडतं त्यावर आयातशुल्क ठरतं, आणि तळाला कापडाचा थर असला की ते कमी पडतं, म्हणून अनेक ऑल स्टारना तो लावलेला असतो. थोड्याच वापरात तो निघून जातो.

व्हॅन्सची जाळी वेगळी आहे. कॉन्व्हर्समध्ये हिरे वर आलेले असतात. व्हॅन्समध्ये रेषा वर आणि खाने आत असतात, वॉफलसारखे. त्या जाळीतच कंपनीचा एक जुना दोष आणि त्याची दुरुस्ती दिसते. कंपनी 1966 मध्ये सुरू झाली तेव्हा सोलवर नुसती चौकटींची तिरपी जाळी होती. चालताना बूट जिथे वाकतो त्या चवड्याखाली ती तडकायची. म्हणून त्या भागात उभ्या रेषा वाढवल्या. आजही टाच आणि चवडा यांची नक्षी शेजारी ठेवून पाहिली तर चवड्याखाली जाळी जास्त दाट दिसते. सगळीकडे एकसारखी जाळी असेल तर मला शंका येते.

इथे एक कायदेशीर गोष्ट उपयोगी पडते. कॉन्व्हर्सने 2014 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे बऱ्याच कंपन्यांविरुद्ध नकलेची तक्रार केली. 2016 मध्ये आयोगाने सोलवरच्या हिऱ्यांच्या नक्षीचं व्यापारचिन्ह ग्राह्य धरलं. टोपी, टोकावरची जाड रबरी पट्टी आणि कडेच्या रेषा मिळून होणाऱ्या रचनेवरचा दावा मात्र त्यांनी मान्य केला नाही. पुढे 2018 मध्ये अपील न्यायालयाने तो भाग पुन्हा तपासायला परत पाठवला. ओळख पटवणाऱ्यासाठी यातला धडा साधा आहे. पुढची टोपी आणि कडेच्या रेषा अनेकांकडे सापडतात, त्यामुळे ब्रँड ठरवताना सोलला जास्त वजन द्या.

सोल झिजलेला असला तर टाचेची बाहेरची कड आणि चवडा सोडून द्या. तिथे काही उरलेलं नसतं. पायाच्या कमानीखालचा भाग जमिनीला कमी टेकतो. तिथली नक्षी आणि अक्षरं वर्षानुवर्षं टिकतात. मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

तुकडे: मॉडेल इथे ठरतं

व्हॅन्सची उदाहरणं घेऊ, कारण खालून ते सगळे सारखेच दिसतात. ऑथेंटिक आणि एरा बाजूने पाहिले तर तुकडे तेच: पुढचा एक, बाजूचे दोन, मागे उभी पट्टी. फरक घोट्याच्या काठाला आहे. ऑथेंटिकचा काठ पातळ, नुसता शिवलेला. 1976 मध्ये आलेल्या एराच्या काठात गादी भरलेली आहे, म्हणून तो फुगीर दिसतो आणि बोटाने दाबला की परत वर येतो. फोटोवरून ओळखायचं असेल तर मागून घेतलेला फोटो बघा; काठाची जाडी बाजूने नीट कळत नाही.

ओल्ड स्कूल 1977 चा. बाजूला लहरत जाणारी पट्टी पहिल्यांदा याच बुटावर आली. पण नक्कल करणारे पट्टीचीच नक्कल आधी करतात, म्हणून पट्टी बाजूला ठेवा आणि खालचे तुकडे बघा. टोकाला स्वेड, लेसच्या भोकांभोवती स्वेड, टाचेला स्वेड, आणि मधल्या बाजूला कॅनव्हास. हे कापड आणि कातड्याचं अदलाबदल ठरावीक आहे. स्केट हाय त्याच पायावर घोट्यापर्यंत उंच केलेला आहे, आणि उंच भागात गादीच्या आडव्या शिवणी असतात.

लेसची भोकं मोजून मॉडेल ठरवायची सवय अनेकांना असते. ती सोडा. लहान मापात भोकं कमी असतात, मोठ्या मापात जास्त. फक्त त्याच मापाचे दोन बूट शेजारी असतील तर मोजणी कामाची.

शिलाई: आवृत्ती इथे ठरते

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: साधा चक टेलर ऑल स्टार की चक 70? चक 70 ही 2013 मध्ये आलेली आवृत्ती आहे. तिची घडण सत्तरच्या दशकातल्या बुटांवरून घेतली आहे. दोन्हींची ठेवण तीच, तुकडे जवळजवळ तेच, आणि सोल हिऱ्यांचाच. त्यामुळे इथपर्यंतच्या चारही पायऱ्या ‘कॉन्व्हर्स’ एवढंच सांगून थांबतात.

माझ्या मते यातली सर्वांत भरवशाची खूण म्हणजे बाजूची जादा शिलाई. चक 70 मध्ये पंजाच्या बाजूला, लेसच्या खालच्या भोकांच्या आसपास, कापडाचा मजबुतीचा थर असतो आणि त्याची टाक्यांची रेघ बाहेरून दिसते. साध्या ऑल स्टारमध्ये ती नसते. काळ्या बुटावर पांढऱ्या धाग्यामुळे ती चटकन कळते. पांढऱ्यावर पांढरा धागा असेल तर पुन्हा तिरपी टॉर्च काढा. दुसरी खूण जिभेची. चक 70 च्या जिभेला दोन्ही बाजूंनी पंखांसारखी शिलाई असते, त्यामुळे जीभ चालताना एका बाजूला सरकत नाही. तिसरी म्हणजे कापडाचं वजन. चक 70 चा कॅनव्हास जाड आहे. चिमटीत धरून दुमडला तर घडी गोल पडते, साध्याची घडी टोकदार पडते.

बाकी खुणा आहेत, पण त्या पुसल्या जातात. चक 70 च्या टाचेवरचं लेबल काळं असतं, कडेची पट्टी जरा उंच, चकचकीत आणि साईच्या रंगाची असते. लेबल निघतं, चकाकी घासली जाते. आणि रंगाचा घोटाळा तर मी स्वतः केला आहे.

एक जोडी, पहिल्यापासून

एका मैत्रिणीने मला काळे, घोट्यापर्यंतचे बूट ओळखायला दिले. आतलं कापडी लेबल धुऊन कोरं झालेलं. घोट्यावरच्या गोल ठशातला रंग गेलेला. दोन्ही टाचांवरची रबरी लेबलं गायब. कडेची पट्टी साईसारखी पिवळट. तिला वाटत होतं चक 70, आणि पट्टीचा रंग पाहून मलाही पहिल्या नजरेत तसंच वाटलं.

मग क्रमाने गेलो. ठेवण: घोटा झाकणारा, टोकाला रबरी टोपी. म्हणजे कॉन्व्हर्सचं घराणं किंवा त्याची नक्कल. गोल ठसा आतल्या, घोट्याच्या बाजूला होता, बाहेर नव्हता. आणि त्याच आतल्या बाजूला खाली हवेसाठीची दोन छोटी भोकं होती. ऑल स्टारमध्ये दोन्ही गोष्टी अशाच असतात. काही नकलांत ठसा दोन्ही बाजूंना लावलेला असतो, म्हणून हे बघणं गरजेचं.

बांधणी: पट्टीवर टाके नाहीत, टाचेच्या मागे सांध्याची उभी रेघ. व्हल्कनाइज्ड. टोपीच्या पुढच्या जाड पट्टीवर हिरे आणि रेषांचा खरखरीत उठाव बोटाला लागत होता. सोल: चवड्याखाली गुळगुळीत, पण कमानीखाली हिऱ्यांच्या रांगा आणि ब्रँडच्या नावातली तीन अक्षरं स्पष्ट. ब्रँडबद्दल शंका उरली नाही.

आता आवृत्ती. निकाल लागला तो टाचेवर. लेबल जिथे चिकटलेलं होतं तो आयत बाकी पट्टीपेक्षा स्वच्छ पांढरा होता. पट्टी मुळात साईच्या रंगाची असती तर लेबलाखालीही तोच रंग असता. म्हणजे हा रंग कारखान्यातला नव्हता. उजेड आणि वयामुळे रबर पिवळं पडलं होतं. मग इतर ठिकाणीही तेच दिसायला लागलं: टोपीचा वरचा भाग जास्त पिवळा, टोपी आणि कापड यांच्या खाचेत कमी. बाजूला टॉर्च धरली, जादा शिलाई नव्हती. जीभ सैल, बाजूंनी न शिवलेली. कापडाची घडी टोकदार.

साधा काळा ऑल स्टार. तपासलेल्या खुणांपैकी एकच चक 70 कडे बोट दाखवत होती, आणि तिचं कारण सापडलं होतं. एखादी खूण बाकीच्यांशी जुळत नसेल तर तिला नुसतं बहुमताने हरवू नका. ती तशी का आहे ते शोधा. कारण सापडलं नाही तर निकाल अर्धवट ठेवा. कारण माहीत असेल तर गोष्ट वेगळी: चक 70 पांढऱ्या पट्टीतही निघतात, त्यामुळे पट्टी पांढरी आणि बाजूला जादा शिलाई असा बूट समोर आला तर पट्टीकडे दुर्लक्ष करून शिलाईवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पडताळणी

अंदाज पक्का झाला की तो उलट बाजूने तपासा. काळ्या, घोट्यापर्यंतच्या साध्या ऑल स्टारचा कंपनीचा क्रमांक M9160 आहे, आणि तशाच चक 70 चा 162050C. दोन्ही क्रमांक टाकून स्वच्छ, बाजूने घेतलेले फोटो शोधा आणि तुमच्या फोटोशेजारी ठेवा. फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, डावा-उजवा तोच आहे ना, हे आधी बघा. मग संपूर्ण बूट एकदम न जुळवता एकेक रेघ जुळवा: टोपीची वरची कड कुठे संपते, बाजूचा तुकडा पुढच्या तुकड्यावर कोणत्या भोकापाशी चढतो, मागची उभी पट्टी वर किती रुंद होते. तिन्ही रेघा जुळल्या की मी मॉडेलचं नाव लिहितो.

याने वर्ष कळत नाही, आणि बूट अस्सल आहे हेही पक्कं होत नाही. चांगली नक्कल याच रेघा जुळवून बनवलेली असते. तिथे फरक टाक्यांच्या सरळपणात आणि रबराच्या वासात असतो, आणि तो फोटोवरून ठरवता येत नाही. त्यासाठी अस्सल जोडी हातात घेऊन दोन्ही शेजारी ठेवावे लागतात. एकदम वेगळ्या रंगाची किंवा जाड सोलची खास आवृत्ती असेल तर वरच्या खुणांतल्या काही बदललेल्या असतात. तेव्हा सोल आणि बाजूच्या शिलाईपुरतंच बोलायचं आणि मॉडेलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं.